लग्नाची फिल्म दिली, आता फुटेजचं काय?

लग्नाची फिल्म घरच्यांच्या हाती पडली, उरलेले पैसे आले, की स्टुडिओच्या लेखी ते काम संपतं. पुढच्या मुहूर्ताचं शूट दारात उभं असतं आणि कॉम्प्युटरची डिस्क गळ्यापर्यंत भरलेली असते. मग कुणीतरी घाईघाईने संपलेलं काम उचलून हाताशी असलेल्या एखाद्या एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर टाकतं आणि ती डिस्क कपाटात जाते. वर्ष-दीड वर्षाने त्याच घरातून फोन येतो. फोन बहुतेक दोनच प्रकारचे असतात. पहिला साधा असतो: सुरुवातीच्या पाटीत सूनबाईंच्या माहेरच्या आडनावातला ऱ्हस्व-दीर्घ चुकलाय, तेवढा नीट करून द्या. दुसरा जड असतो: आजोबा गेले. मंगलाष्टकांनंतर ते चार शब्द बोलले होते, फिल्ममध्ये त्यातलं एकच वाक्य घेतलंय. बाकीचं बोलणं मिळेल का?

संपलेल्या कामातलं काय ठेवायचं आणि किती दिवस ठेवायचं, याचा विचार या दोन फोनपासून सुरू करावा असं मला वाटतं. दोन्हींना लागणारा ऐवज वेगवेगळा आहे, त्याचं वजन वेगळं आहे आणि त्याचं आयुष्यही वेगळं असायला हवं. सगळंच कायमचं ठेवायचं म्हटलं तर ते परवडत नाही. किती परवडत नाही, ते आधी बघू.

दोन दिवसांचं एक मध्यम लग्न धरू: हळद, सीमांतपूजन, लग्न, वरात. दोन मुख्य कॅमेरे, थोडं ड्रोन, आवाजासाठी वेगळा रेकॉर्डर आणि फोटो. आज लग्नात सर्रास वापरले जाणारे फोर-के कॅमेरे बऱ्याचदा सेकंदाला शंभर मेगाबिट या दराने चित्रण करतात. म्हणजे तासाला 45 गिगाबाइट. पहिल्या कॅमेऱ्यावर पाच तासांचं फुटेज असेल तर 225, दुसऱ्यावर चार तासांचं तर 180. चाळीस मिनिटांच्या ड्रोनचे 30, तीन हजार रॉ फोटोंचे साधारण 90 आणि आवाजाचे जेमतेम 4. बेरीज 529, म्हणजे सुमारे 530 गिगाबाइट. चार टेराबाइटच्या डिस्कवर अशी सात लग्नं बसतात. हंगामात तीस लग्नं केली तर सोळा टेराबाइट होतात, आणि प्रत्येकाची दुसरी प्रत ठेवायची म्हटलं की बत्तीस. हा दरवर्षीचा हिशेब आहे. म्हणून छोट्या गावातला स्टुडिओ दोनपैकी एक करतो: एकच प्रत ठेवतो, नाहीतर जागा लागली की सर्वात जुनी डिस्क पुसतो. दोन्हींत निर्णय कुणी घेतलेला नसतो, तो जागेच्या टंचाईने घेतलेला असतो.

याचं सर्वात मोठं उदाहरण लग्नाचं नाही, चंद्राचं आहे. 1969 मध्ये अपोलो 11 ची माणसं चंद्रावर उतरली तेव्हा तिथून आलेलं थेट प्रक्षेपण जमिनीवरच्या केंद्रांत डेटा टेपांवर मूळ दर्जात नोंदलं गेलं होतं. जगाने टीव्हीवर पाहिलं ते त्याचं रूपांतर करून दाखवलेलं, बरंच फिकट चित्र. पुढे त्या टेपांचा शोध सुरू झाला आणि 2009 मध्ये नासाने सांगितलं की 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला टेपांची टंचाई होती, तेव्हा इतर हजारो टेपांबरोबर याही बहुधा पुसून पुन्हा वापरल्या गेल्या. आज जगाकडे आहे ते टीव्ही केंद्रांनी जपलेल्या प्रतींवरून सुधारलेलं चित्र. ज्यांनी टेपा पुसल्या ते आपलं नेमून दिलेलं काम करत होते. हजारो टेपांतल्या या काही वेगळ्या आहेत, त्यांना हात लावायचा नाही, हे त्यांच्यापर्यंत पोचेल अशी व्यवस्था नव्हती.

म्हणून आधी नाव आणि जागा. माझ्याकडे एका कामाचा फोल्डर असा असतो:

```
2025-02-16_SANGLI_L027/
    01_MEDIA/
        A_CAM/A001/
        A_CAM/A002/
        B_CAM/B001/
        DRONE/D001/
        AUDIO/
    02_PROJECT/
    03_MUSIC_FONT_GRAPHICS/
    04_MASTER/
    05_KAGAD/
```

तारीख वर्षापासून लिहिली की फोल्डर आपोआप काळाच्या क्रमाने लागतात. L027 हा आपल्या वहीतला लग्नाचा क्रमांक. घराचं नाव मुद्दाम नाही, कारण एकाच आडनावाची तीन लग्नं एका हंगामात येतात. हा फोल्डर शूटच्या आदल्या दिवशी रिकामाच तयार करून ठेवावा. काम संपल्यावर रचना लावायला बसलं तर निम्म्या फाइली डेस्कटॉपवर आणि निम्म्या डाउनलोड्समध्ये सापडतात.

यात खरं महत्त्व A001, A002 या आतल्या फोल्डरांना आहे. प्रत्येक मेमरी कार्डाला एक फोल्डर, आणि कार्डावर जे जे आहे ते सगळं तसंच्या तसं त्यात. सोनीचं कार्ड उघडलं तर PRIVATE, त्यात M4ROOT, त्यात CLIP आणि त्यात चित्रफिती अशी उतरंड दिसते. चित्रफितींबरोबर छोट्या XML फाइली असतात. पुष्कळजण फक्त MP4 फाइली उचलतात आणि बाकी कचरा समजून सोडून देतात. त्या छोट्या फाइलींत टाइमकोडसारखी माहिती असते, आणि काही कॅमेरे एकच लांब शॉट अनेक तुकड्यांत लिहितात तेव्हा ते तुकडे जोडायला ती उतरंड लागते.

पण मोठा धोका दुसराच आहे. कॅमेरा बऱ्याचदा नवं कार्ड घातलं की क्रमांक पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. मग A001 मध्येही C0001.MP4 असते आणि B001 मध्येही. दोन्ही कार्डं एकाच फोल्डरमध्ये ओतली की कॉम्प्युटर विचारतो, आधीची फाइल बदलू का? रात्री दोन वाजता माणूस हो म्हणतो आणि हळदीचा पहिला शॉट कायमचा जातो. तसं झालं नाही तरी वर्षभराने प्रोजेक्ट उघडल्यावर सॉफ्टवेअर नावावरून फाइल शोधतं, दोन C0001 मधली चुकीची उचलतं, आणि सप्तपदीच्या जागी जेवणाची पंगत दिसू लागते. अशी गल्लत झाली की ती चित्रात दिसते, पण कुठलीही सूचना येत नाही. फाइल सापडली, एवढंच सॉफ्टवेअरला कळतं.

आता पहिल्या फोनकडे, म्हणजे पाटीतल्या ऱ्हस्व-दीर्घाकडे येऊ. त्यासाठी 530 गिगाबाइटपैकी काहीच लागत नाही. फिल्म देताना तिची आणखी एक प्रत काढून ठेवायची, ज्यात एकही अक्षर नाही, नुसतं चित्र आणि आवाज. ती आणि पाट्यांसह असलेली मूळ फिल्म, दोन्ही 04_MASTER मध्ये. दीड तासाची फिल्म शंभर मेगाबिटने काढली तर एक प्रत सुमारे 68 गिगाबाइट होते. जी चार-पाच मिनिटांची छोटी फिल्म घरोघरी दाखवली जाते ती प्रोरेझमध्ये काढावी. ते स्वरूप कमी दाबलेलं असल्याने पुन्हा एडिट केलं तरी चित्र फारसं खालावत नाही, आणि पाच मिनिटांना 18 गिगाबाइट म्हणजे काहीच नाही. बिनअक्षरी प्रत हाताशी असली की त्यावर नवी पाटी चढवून दहा मिनिटांत काम होतं.

फक्त ती पाटी लिहायला फॉन्ट लागतो. इथे मराठी स्टुडिओची एक खास अडचण आहे. श्रीलिपी, कृतिदेव अशा जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये देवनागरी अक्षरं रोमन अक्षरांच्या जागांवर बसवलेली असतात. कॉम्प्युटरच्या दृष्टीने ‘चि. सौ. कां.’ ही रोमन अक्षरं आणि चिन्हांची रांग असते, तिला देवनागरी रूप देणारा फक्त तो फॉन्ट. नव्या कॉम्प्युटरवर तो नसला की पाटीवर कंस, टिंबं आणि इंग्रजी अक्षरांचा खिचडा उमटतो आणि मूळ मजकूर काय होता ते वाचताही येत नाही. युनिकोड फॉन्ट हरवला तर निदान दुसऱ्या वळणाच्या अक्षरात नाव तरी दिसतं. म्हणून पाट्या युनिकोडमध्येच कराव्यात. तरी वापरलेल्या फॉन्टची फाइल 03 मध्ये आणि सगळ्या पाट्यांचा मजकूर एका साध्या फाइलमध्ये 05_KAGAD मध्ये ठेवावा. संगीताचंही तसंच: गाण्याची फाइल 03 मध्ये, आणि ते वापरायची परवानगी विकत घेतली असेल तर त्याची पावती 05 मध्ये.

02_PROJECT मध्ये एडिटची फाइल असते आणि तिच्याबद्दल एक गैरसमज सर्वत्र आहे. प्रीमिअर प्रोच्या .prproj फाइलमध्ये फुटेज नसतं. कुठला तुकडा कुठल्या फाइलमधून, कितव्या सेकंदापासून घेतला, एवढी यादी असते. डाविंची रिझॉल्व्हमध्ये तर नेहमीच्या पद्धतीत प्रोजेक्टची स्वतंत्र फाइलच नसते, तो सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या डेटाबेसमध्ये राहतो. फोल्डर कितीही काळजीपूर्वक उचलला तरी एडिट कॉम्प्युटरमध्येच मागे राहतं, आणि त्या कॉम्प्युटरवर नवी विंडोज टाकली की संपतं. रिझॉल्व्हवाल्यांनी प्रोजेक्ट मॅनेजरमधून तो Export Project ने बाहेर काढून .drp फाइल इथे आणून ठेवायलाच हवी.

कॅश, प्रॉक्सी, प्रीव्ह्यू या फाइली मात्र बिनदिक्कत पुसाव्यात. काम हलकं व्हावं म्हणून सॉफ्टवेअरने त्या बनवलेल्या असतात आणि पुन्हा बनवता येतात. एका लग्नामागे त्या शेकडो गिगाबाइट खाऊ शकतात.

आता प्रत काढणं. पीटर क्रोग या अमेरिकी छायाचित्रकाराने लोकप्रिय केलेला नियम इथे पुरेसा आहे: तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी. काम चालू असताना एडिटच्या कॉम्प्युटरवर एक प्रत असतेच. त्याशिवाय दोन हार्ड डिस्क, शक्यतो वेगवेगळ्या कंपन्यांच्या. एकाच खोक्यातल्या जुळ्या डिस्क एकाच दोषाने एकाच वर्षी बंद पडू शकतात. त्यातली एक स्टुडिओत, दुसरी घरी किंवा भावाच्या दुकानात. दुसरं माध्यम म्हणून क्लाउड घेता येतं, पण सगळ्यासाठी नाही. सेकंदाला पन्नास मेगाबिट अपलोड मिळत असेल तर 530 गिगाबाइट चढवायला अखंड चोवीस तास लागतात, आणि भाडं दरमहा भरत राहावं लागतं. मी क्लाउडवर छोटी फिल्म, प्रोजेक्ट, फॉन्ट आणि कागद एवढंच ठेवते. तेवढं तासाभरात चढतं आणि पहिला फोन भागतो.

दोन डिस्क एकमेकींचं प्रतिबिंब म्हणून एकाच डब्यात चालवणं ही प्रत नव्हे. एकीवर चुकून पुसलेलं दुसरीवरही त्याच क्षणी पुसलं जातं.

प्रत निघाली म्हणजे ती बरोबर निघाली असं नाही. सैल केबल, अर्धवट निसटलेला यूएसबी, बिघडू लागलेली डिस्क यांमुळे एखादी फाइल नावाने आणि आकाराने तीच असते, पण आतून बिघडलेली असते. ते ओळखायला चेकसम वापरतात. फाइलमधल्या प्रत्येक बाइटवरून काढलेली ही एक लांब आकडा-अक्षरांची ओळ असते. फाइलमध्ये एक बिट जरी बदलला तरी ओळ पूर्ण बदलते. टेराकॉपीसारख्या प्रोग्राममध्ये कॉपीनंतर पडताळणीची सोय असते, ती चालू ठेवावी. एखादीच फाइल तपासायची तर विंडोजमध्ये हे पुरतं:

```
certutil -hashfile C0001.MP4 SHA256
```

मूळ फाइलवर आणि प्रतीवर ही आज्ञा चालवावी. दोन्ही ओळी तंतोतंत जुळल्या तरच मेमरी कार्ड फॉरमॅट करायचं.

आणि शेवटची परीक्षा. एडिटची डिस्क कॉम्प्युटरपासून काढून ठेवायची, प्रतीची डिस्क दुसऱ्याच एखाद्या लॅपटॉपला लावायची आणि तिच्यावरून प्रोजेक्ट उघडायचा. पहिल्यांदा बहुतेक चौकटी लाल होतात आणि Media Offline दिसतं, कारण जुना पत्ता बदललेला असतो. सॉफ्टवेअरला 01_MEDIA दाखवलं की चौकटी एकेक करून भरतात. शेवटी ज्या लाल राहतात त्याच बघायच्या: व्हॉट्सॲपवरून आलेला बालपणीचा फोटो, डाउनलोड्समधलं गाणं, मित्राच्या पेन ड्राइव्हवरचं लोगोचं चित्र. ते गोळा करायला ही वेळ सर्वात चांगली, कारण मूळ कॉम्प्युटरवर सगळं अजून आहे. मग पाट्या वाचायच्या आणि मधली एक मिनिटाची फिल्म बाहेर काढून बघायची. एवढ्याला अर्धा तास लागतो. हा अर्धा तास कुणीच देत नाही, आणि माझ्या मते सगळ्या कामातला तोच सर्वात मोलाचा आहे. 1998 मध्ये पिक्सार स्टुडिओत ‘टॉय स्टोरी 2’ या चित्रपटाच्या फाइली एका चुकीच्या आज्ञेने भराभर पुसल्या जाऊ लागल्या. बॅकअप होता, पण तो काही काळापासून नीट चालत नव्हता हे परत आणायला गेल्यावर समजलं. वाचवलं ते गॅलिन सुस्मन यांच्या घरच्या कॉम्प्युटरने. बाळंतपणानंतर त्या घरून काम करत होत्या आणि म्हणून चित्रपटाची एक प्रत त्यांच्याकडे होती.

डिस्क कुठली घ्यावी, याचं उत्तर कपाटासाठी तरी साधी फिरती हार्ड डिस्क हेच आहे. एसएसडी वेगवान असते, एडिट करायला उत्तम, पण ती माहिती विजेच्या भाराच्या रूपात साठवते आणि विजेशिवाय पडून राहिली तर तो भार हळूहळू गळतो. साध्या ग्राहकांसाठीच्या एसएसडीचं जेडेक या संस्थेचं मानक असं आहे की लिहिण्याची ठरलेली मर्यादा संपलेल्या एसएसडीने तीस अंश तापमानात, वीज नसताना, एक वर्ष माहिती टिकवावी. नवी एसएसडी यापेक्षा बरीच जास्त टिकवते, पण तापमान वाढलं की ही मुदत घटते, आणि सोलापूर-अकोल्याच्या मे महिन्यात बंद कपाट तीस अंशांवर राहत नाही.

हार्ड डिस्कलाही विसरून चालत नाही. वर्षातून दोनदा ती लावावी, काही फाइली चालवून बघाव्यात. क्रिस्टलडिस्कइन्फो हा फुकट प्रोग्राम डिस्कची स्वतःची नोंद वाचतो. त्यात निळ्या Good च्या जागी पिवळं Caution आलं तर त्या आठवड्यातच नवी प्रत काढायची. डिस्कमधून ठरावीक टकटक ऐकू येऊ लागली तर ती लगेच बंद करायची आणि दुरुस्तीचे प्रोग्राम चालवत बसायचं नाही, कारण प्रत्येक फेरीला आतली चकती खरवडली जाण्याची भीती असते. सगळं ठीक असलं तरी पाचएक वर्षांनी डिस्क बदलावी. दरम्यान मोठ्या डिस्क स्वस्त होतात, आणि चार जुन्यांचा माल एका नवीवर बसतो.

राहता राहिला दुसरा फोन, आजोबांचा. त्याला मूळ फुटेजच लागतं, आणि जड तेच असतं. मी अशी मुदत पाळते. फिल्म दिल्यानंतर तीन महिने तिन्ही प्रती, कारण बहुतेक दुरुस्त्या याच काळात येतात. मग एडिटचा कॉम्प्युटर रिकामा करायचा, दोन डिस्क दोन वर्षं तशाच. दोन वर्षांना आधार आहे: ग्राहक संरक्षण कायदा 2019 प्रमाणे तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांत करता येते, आणि तेवढा काळ आपण काय चित्रित केलं होतं ते दाखवता यायला हवं. करार, पावत्या आणि पत्रव्यवहार तीन वर्षं ठेवावा, कारण करारभंगाच्या दाव्याची सर्वसाधारण मुदत 1963 च्या मुदत कायद्यात तीन वर्षं आहे.

दोन वर्षांनंतर निवड करायची. सजावट, जेवण, पाहुण्यांची ये-जा, ड्रोनच्या जादा फेऱ्या हे जाऊ द्यावं. विधींचा एका कॅमेऱ्यावरचा सलग शॉट, माणसं बोलताहेत असा प्रत्येक शॉट, आणि सगळा आवाज ठेवावा. आवाज चारच गिगाबाइट आहे, त्यात काटकसर करण्यात अर्थ नाही. आमच्या मापाच्या लग्नात अशी निवड साधारण शंभर-सव्वाशे गिगाबाइटांवर येते. निवडलेल्या फाइली पूर्ण ठेवाव्यात. शॉट कापून तेवढाच तुकडा ठेवायची सोय सॉफ्टवेअरमध्ये असते, पण या कॅमेऱ्यांच्या दाबलेल्या फाइलींत बहुतेक फ्रेम शेजारच्या फ्रेमवर अवलंबून असतात, त्यामुळे कापताना फाइल पुन्हा दाबली जाऊन दर्जा घसरू शकतो. फिल्म, तिची बिनअक्षरी प्रत आणि प्रोजेक्ट कधीच पुसायचे नाहीत.

माहितीपट किंवा वयस्कर लोकांच्या मुलाखती असतील तर ही निवड करूच नये. तिथे न वापरलेलं बोलणंच पुढे जास्त किमतीचं ठरतं.

मुदत स्टुडिओच्या डोक्यात असून उपयोग नाही, ती बुकिंगच्या करारात एका ओळीत हवी: फिल्म दिल्यापासून दोन वर्षांनी मूळ चित्रीकरण पुसलं जाईल, त्याआधी हवं असल्यास स्वतःची डिस्क आणून न्यावं. मुदत संपायच्या महिनाभर आधी घरच्यांना संदेश पाठवायचा. काहीजण डिस्क घेऊन येतात, अनेकजण येत नाहीत, पण विचारलं गेलेलं असतं. पाठवलेला संदेश आणि आलेलं उत्तर 05_KAGAD मध्ये जातं. मग वहीत L027 समोर तारीख टाकायची, निवड दोन्ही डिस्कवर उघडून बघायची, आणि बाकीचं आधी स्टुडिओतल्या एकाच डिस्कवरून पुसायचं. घरच्या डिस्कला पुढचा महिनाभर हात लावायचा नाही. तेवढ्यात कुणाचा फोन आलाच तर सगळं फुटेज अजून तिथे असतं.